चप्पल फरशीसाठी काढायची, चुंबकासाठी नाही

"देवळात जाताना चप्पल काहून काढा लागते जी? खरं कारण सांगा." दिग्रसकडच्या एका तरुण प्रेक्षकानं ही शंका पाठवली, आणि तिच्यामागची हकीकत वाचून मी त्याला फोन लावला. हनुमान जयंतीला त्यांच्या गावात महाप्रसाद होता. त्याची आजी सत्तरीची, बारा वर्षांपासून शुगरची पेशंट. पायात कापडी चप्पल, आत मोजे. मारुतीचं देऊळ लहान, पण समोर मोठं फरसबंद आवार आणि त्याला लोखंडी फाटक. फाटकावरच्या मंडळींनी आजीला तिथंच चप्पल आणि मोजे काढायला लावले. वेळ दुपारी साडेबाराची. फाटकापासून मंडपाच्या सावलीपर्यंत तीस-पस्तीस पावलं. आजी चालत गेली, जेवली, तशीच परत आली. पाय भाजतोय असं ती एकदाही म्हणाली नाही. रात्री सुनेनं पाय चेपायला घेतले तेव्हा दोन्ही तळव्यांवर पाण्याचे फोड दिसले.

दुसऱ्या दिवसापासून पारावर भांडण सुरू झालं. एक बाजू म्हणाली, देवळात मूर्तीखाली तांब्याचा पत्रा असतो, त्यातली चुंबकीय ऊर्जा उघड्या तळव्यातून अंगात शिरते, म्हणून चप्पल काढतात, हे विज्ञान आहे, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. दुसरी बाजू म्हणाली, ही सगळी चामड्याच्या विटाळाची आणि जातीची भानगड आहे, प्रथाच मोडून टाका. दोन दिवस हे चाललं. आजीच्या पायांविषयी मात्र कुणी काही बोललं नाही. मला वाटतं हा वाद दोन्हीकडून चुकीचा मांडला जातोय, आणि चुकीच्या कारणापायीच ती म्हातारी भाजली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चप्पल काढायची प्रथा राहावी. पण तिचं कारण साधं आहे: देवळातली जमीन हे तिथं येणाऱ्या सगळ्यांचं आसन आहे, ताट ठेवायची जागा आहे, कपाळ टेकवायची जागा आहे. हे कारण धरून चाललं की कुठे चप्पल काढायची, कुठे नाही, आणि कुणाला सूट द्यायची, हे आपोआप ठरतं. खोटं कारण धरलं तर नियम राहतो आणि माणूस भाजतो.

आधी ऊर्जेचं पाहू, कारण हल्ली शिकलेली पोरंही तेच सांगतात. तांब्याला चुंबक चिकटत नाही. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढून घरातल्या तांब्याच्या गडव्याला लावून पाहा, गळून पडतं. जे स्वतः चुंबकाकडे ओढलं जात नाही ते चुंबकीय शक्ती साठवून वर पाठवतं, हे कसं मानायचं? बरं, क्षणभर मानलं की देवळात चुंबकीय क्षेत्र आहे. ते तर सगळीकडेच आहे, पृथ्वीचंच आहे. मग प्रश्न उरतो की चप्पल ते अडवते का. शाळेतली चुंबकसूची घ्या. जमिनीवर ठेवून सुई कुठे थांबते ते पाहा. मग खाली रबरी स्लिपर ठेवा, सुई पुन्हा तिकडेच थांबेल. चामडी वहाण ठेवा, तरीही तिकडेच. एकावर एक चार जोड रचले तरी सुईला फरक पडत नाही. (बुटाच्या टाचेत लोखंडी खिळे असतील तर सुई हलेल. ते खिळ्यांमुळे, हे ध्यानात ठेवून प्रयोग करा.) म्हणजे चप्पल घातली काय, काढली काय, ते क्षेत्र अंगापर्यंत तितकंच पोचतं. मला या दाव्याचा राग येतो तो त्याच्या परिणामामुळे. उघड्या तळव्यातून काही तरी शिरायचं आहे असं एकदा मानलं की मोजेसुद्धा आड येतात. फाटकावरच्या मंडळींनी आजीचे मोजे उतरवले ते याच समजुतीनं, असं त्या पोरानं मला सांगितलं.

आता दुसरी बाजू. तिचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. आपल्याकडे चामड्याला विटाळ मानला गेला, चामडं कमावणाऱ्या आणि जोडे शिवणाऱ्या माणसांनाही मानला गेला. ज्यांनी गावाच्या पायात वहाण घातली त्यांनाच देवळाच्या बाहेर उभं केलं. वहाणा बाहेर ठेवून माणूस आत जात होता तेव्हा काही माणसं वहाणांपाशीच थांबत होती. आपल्या वऱ्हाडातच १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. वीस वर्षांनी, १९४७ साली, पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. हे सगळं कालपरवाचं आहे. म्हणून कुणी तरुण मला म्हणतो की चप्पल बाहेर ठेवायच्या प्रथेला मला जातीचा वास येतो, तेव्हा त्याला गप्प बसवायचा मला अधिकार नाही.

पण प्रथा आज कशावर उभी आहे ते देवळात जाऊनच तपासता येतं. सोमवारी रात्री भजनाला बसा. पखवाजाची दोन्ही तोंडं चामड्यानं मढवलेली असतात, तबल्याची पुडी चामड्याची, तिला ताणणारी वादीही चामड्याची. हे चामडं सभामंडपात देवासमोर असतं, कपाळाला लावून उचललं जातं, आणि त्यावर बोट पडल्याशिवाय अभंग उभा राहत नाही. महादेवाच्या तसबिरीत तो व्याघ्रचर्मावर बसलेला असतो. आणि बाहेर चपलांचा ढीग पाहा. शंभरातल्या बहुतेक चपला रबराच्या, प्लॅस्टिकच्या, कापडाच्या. चामडं आत आहे, रबर बाहेर आहे. विटाळ चामड्याचा असता तर हे उलट दिसलं असतं. पादत्राण मुळातच अपवित्र असतं असंही म्हणता येत नाही. भरतानं रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामातून राज्य चालवलं, ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पालखीत पादुकाच जातात, आणि त्यांवर डोकं ठेवायला लोक तासन् तास उभे राहतात. गुरुद्वाऱ्यात जोडेघर असतं. तिथं आलेल्यांचे जोडे हातात घेऊन नीट ठेवणं, पुसणं ही सेवा मानली जाते, आणि चांगल्या घरची माणसं ती मागून घेतात. जोडा तिथंही बाहेरच राहतो. पण त्याला हात लावल्यानं कुणी बाटत नाही. विटाळ टाकून देऊनही प्रथा ठेवता येते, याला एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

मग चप्पल कशासाठी? मला हे उत्तर देवळात मिळालं नाही, खळ्यावर मिळालं. लहानपणी मळणीच्या दिवसांत आमच्या खळ्यावर मोठी माणसंही चप्पल काढून चढत. तिथं देव नव्हता, मूर्ती नव्हती, मंत्र नव्हता. जमीन चोपून घट्ट केलेली, शेणानं सारवलेली, आणि तीवर ज्वारीची रास. मी एकदा नवे बूट घालून खळ्यात घुसलो. सालदारमामांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि खाली बोट दाखवलं. बुटाच्या टाचेनं सारवणाचं कवच फुटलं होतं, आणि फुटलेल्या जागी ढेकळाचा चुरा दाण्यांत मिसळला होता. "आता हे निवडून काढ," म्हणाले. दुपारभर मी दाणे आणि खडे वेगळे करत बसलो. सारवलेली जमीन म्हणजे काय, हे त्या दुपारी मला कळलं. शेण-मातीचा तो थर जेमतेम बोटाच्या पेराएवढाही नसतो. उघडा पाय त्याला दाबून घट्ट करतो, टाचेची कड त्याला उकरते.

आपली जुनी देवळं, वाड्यांच्या ओसऱ्या, शाळेच्या खोल्या सगळ्या अशाच जमिनीच्या होत्या. त्यात आपली माती काळी. पावसाळ्यात वावरातून घरी येताना वहाणेला चिखल असा धरतो की दहा पावलांवर एकेक वहाण शेराशेरानं जड होते, काडीनं खरवडावी लागते. त्या चिखलात गोठ्यातलं शेण-मूत असतं, रस्त्यावरची थुंकी असते, आणि आता फवारणीचं औषधही असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर कसे विषबाधेनं दगावले ते आपण विसरलेलो नाही. त्या वावरातून आलेली चप्पल ज्या जमिनीवर फिरेल तिथं रांगणारं पोर हात टेकवेल, पत्रावळीतून सांडलेला भात कुणी उचलून खाईल, आणि दंडवत घालणारा म्हातारा कपाळ आणि ओठ लावेल. देवळात आपण खुर्चीवर बसत नाही. तिथली जमीनच खुर्ची, जमीनच टेबल. माणूस आपल्या बसायच्या पाटावर चप्पल घेऊन उभा राहतो का?

हे कारण खरं असेल तर जिथे जमिनीवर बसणं नाही तिथे प्रथाही सैल दिसायला हवी, आणि ती तशी दिसते. युरोपातल्या चर्चमध्ये बाकं आली, लोक बाकावर बसतात, बूट पायातच राहतात. मशिदीचं उदाहरण तर फार बोलकं आहे. आज मशिदीत कुणी जोडे घालून सतरंजीवर पाय ठेवणार नाही. पण मदिनेच्या पहिल्या मशिदीची जमीन वाळू-खड्यांची होती, आणि पैगंबरांनी पादत्राणं घालून नमाज पढल्याचे उल्लेख हदीसमध्ये आहेत. त्यावर घाण लागलेली नाही ना ते पाहून घ्यावं, एवढीच अट. जमीन बदलली, गालिचे आले, तसे जोडे दाराशी गेले. कोचीच्या मट्टांचेरीत ज्यूंचं जुनं सिनेगॉग आहे. खाली हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत, आणि आत जाताना चप्पल काढावी लागते. जगभरातल्या बहुतेक सिनेगॉगमध्ये लोक बूट घालूनच जातात. देव तोच, ग्रंथ तोच. मुलुख बदलला तशी जमिनीशी वागायची रीत बदलली.

इथं एक जाणता वाचक मला अडवेल, आणि त्यानं अडवावंच. बायबलमध्ये मोशे जळत्या झुडपापाशी जातो तेव्हा त्याला सांगितलं जातं की पायातल्या वहाणा काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. तिथं सारवण कुठे होतं? सतरंजी कुठे होती? उघडा डोंगर होता. म्हणजे सगळं स्वच्छतेवर ढकलता येत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. चप्पल काढण्यात एक भाव आहे आणि तो धुतलेल्या फरशीपेक्षा मोठा आहे. पण तो भाव आला कुठून? आपल्या गावात पाहुणा दारी आला की ओसरीखाली वहाणा काढतो, मग घरधनी पाण्याचा तांब्या देतो, मग तो वर चढतो. वहाणा काढणं म्हणजे न बोलता सांगणं की ही जागा माझी नाही, तुमची आहे, तुमच्या रीतीनं मी इथं वागेन. रोजच्या राहणीत मुरलेली ही रीत माणसानं देवाच्या दारातही नेली. वाकून बंद सोडावा लागतो, दोन क्षण थांबावं लागतं, बाजारातली चाल मोडावी लागते. अनवाणी पायाला जमीन थंड की गरम, ओली की कोरडी ते कळतं आणि माणूस आपोआप हळू चालतो. मला स्वतःला हे दोन क्षण फार प्रिय आहेत. जमिनीचा मान आणि घरधन्याचा मान, एवढंच त्यात आहे. ऊर्जेची जोड दिल्यानं त्यात काही भर पडत नाही.

आणि म्हणूनच हा मान कोण कुणापुढे करतो याला फार महत्त्व आहे. ब्रह्मदेशचा इतिहास इथं आठवतो. मंडालेच्या दरबारात राजापुढे जाताना इंग्रजांचे दूतही बूट काढून खाली बसत. १८७५ साली फोर्साइथ नावाचा अधिकारी तिथं जाऊन आला, आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारनं हुकूम काढला की आमचा माणूस बूट काढणार नाही. तेव्हापासून इंग्रज रेसिडेंटाची राजाशी भेटच बंद झाली. पुढे राज्य गेलं, गोरे लोक पॅगोड्याच्या फरशीवर बूट घालून फिरू लागले, आणि तिथल्या बौद्ध तरुणांनी त्यावर चळवळ उभी केली. अखेर १९१९ साली सरकारला मान्य करावं लागलं की आवारात काय घालायचं, काय काढायचं ते तिथल्या प्रमुखांनी ठरवावं. प्रश्न बुटाचा होता का? ब्रह्मी माणूस बूट काढतो आणि गोरा काढत नाही, हे लोकांना बोचलं. आपल्याकडेही खालच्या मानलेल्या माणसाला वाड्यापुढून जाताना वहाणा हातात घ्यायला लावत. तो अपमान होता, कारण एकानं काढायची आणि दुसऱ्यानं पाहायचं. देवळातली रीत याहून वेगळी ठरते ती एकाच अटीवर: सरपंचानं काढायची, सालदारानं काढायची, बंदोबस्ताला आलेल्या साहेबानं काढायची, आणि काढून सगळ्यांनी एकाच फरशीवर एकाच पंगतीत बसायचं. ज्या देवळात पुढाऱ्याचे बूट मंडपापर्यंत जातात आणि म्हातारीचे मोजे फाटकावर उतरतात, तिथं नियम पाळला गेला असं मी म्हणणार नाही.

आता आजीकडे परत येऊ. हवेचं तापमान ४५ अंशांवर जातं तेव्हा उन्हात तापलेली काळी फरशी ६० अंशांच्या घरात सहज पोचते. धडधाकट माणूस अशा फरशीवर उड्या मारत सावली गाठतो, कारण चटका लागताच पाय आपोआप उचलला जातो. बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या तळव्यातल्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. त्याला चटका कळत नाही, म्हणून पाय उचलला जात नाही, आणि तो शांतपणे चालत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, केवढी श्रद्धा. फोड उठतो तेव्हा तो घरी असतो. शुगरच्या पायाची जखम भरायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि चिघळली तर बोटं किंवा पाय काढायची वेळ येते. आजीचा उजवा तळवा दोन महिने ड्रेसिंगवर होता. डावा लवकर बरा झाला. घरात शुगरचं माणूस असेल तर त्याला डोळे मिटायला सांगून तळव्याला कापूस लावून पाहा. स्पर्श ओळखता आला नाही तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या, आणि तोवर त्याला उन्हातल्या फरशीवर अनवाणी पाठवू नका.

कारण फरशीचं आणि घरधन्याच्या मानाचं असेल, तर आजीच्या बाबतीत काय करायला हवं होतं ते सरळ आहे. चप्पल काढायची रेघ फाटकावर नको होती, मंडपाच्या सावलीच्या कडेला हवी होती. उघड्या आवारात कुणी जेवत नाही, कपाळ टेकत नाही, तिथून तर ट्रॅक्टरही जातो. मोजे काढायला लावायचं काहीच कारण नव्हतं, स्वच्छ मोज्यानं फरशी मळत नाही. ज्याला डॉक्टरांनी खास चप्पल दिली आहे त्याच्यासाठी देवळातच वापरायचा एखादा धुतलेला जोड ठेवता येतो. जयपूर फूट लावलेल्या माणसाचा बूट हा त्याच्या पायाचाच भाग असतो. त्याचा तळ ओल्या फडक्यानं पुसला की झालं. चाकाच्या खुर्चीची चाकंही तशीच पुसावीत. यातल्या एकाही गोष्टीनं जमीन बाटत नाही आणि घरधन्याचा अपमान होत नाही. ऊर्जावाल्याला मात्र यातली एकही सूट देता येत नाही, आणि प्रथा मोडा म्हणणाऱ्याला सूट द्यायची गरजच वाटत नाही. दोघांचीही मांडणी आजीच्या उपयोगी पडत नाही ती म्हणून.

कुणी म्हणेल, नवरात्रात बायाबापड्या नऊ दिवस अनवाणी राहतात, नवस बोललेली माणसं उन्हातान्हात पायी शेगाव गाठतात, त्यांचं काय? ते त्यांचं व्रत आहे, त्यांनी स्वतः घेतलेलं. त्यापुढे मी हात जोडतो. पण एकानं घेतलेलं व्रत फाटकावर उभं राहून दुसऱ्यावर लादता येत नाही.

त्या पोरानं माझ्याशी बोलून झाल्यावर गावातल्या पंचांपुढे हीच गोष्ट मांडली, ऊर्जेवर किंवा जातीवर न भांडता. फाटकावर चप्पल ठेवायची मांडणी होती ती उचलून त्यांनी मंडपाच्या खांबाशी नेली. फाटकापासून मंडपापर्यंत बारदान्याची दुहेरी पट्टी अंथरायचं ठरलं, कारण सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाणारी पोरं तरीही अनवाणीच धावतात. पहिल्या शनिवारी बारदाना तासाभरात वाळून तापला. आता एकाकडे काम दिलं आहे, अकरा ते चार दर अर्ध्या तासानं त्यावर बादलीभर पाणी मारायचं. आजी अजून देवळात गेलेली नाही. पाय पूर्ण भरला की जाईन म्हणते, मोजे घालून.